फुल इन्शुरन्स म्हणजे किती फुल?

आमच्या वैजापुरात गाडीच्या विम्याचे लोकांना दोनच प्रकार ठाऊक आहेत. एक ‘थर्ड पार्टी’ आणि दुसरा ‘फुल’. थर्ड पार्टी म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद, आणि फुल म्हणजे गाडीला काहीही झालं तरी कंपनी भरून देईल असा कागद. जुनी गाडी विकणारा ‘फुल इन्शुरन्स आहे’ म्हणाला की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि किमतीत चार-पाच हजार सहज वाढतात. कागद मात्र कुणी वाचत नाही. वाचला तर दिसेल की ‘फुल’ हा शब्द त्यावर कुठेच छापलेला नसतो.

मी काही वर्षं संभाजीनगरला एका विमा सर्व्हेअरच्या हाताखाली क्लेमच्या फायली लिहिल्या आहेत. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाच्याही हातात असला कागद पडला की तो माझ्याकडे वळवला जातो. गेल्या वर्षी जानेवारीत भाच्याने व्हॉट्सॲपवर असाच एक फोटो पाठवला. नाशिकच्या एका गृहस्थाची गाडी तो घेणार होता. मार्च २०२० ची, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी. खाली लिहिलं होतं, ‘मामू, मालक म्हणतो फुल इन्शुरन्स आहे आणि ४५ टक्के बोनस पण आहे. म्हणून किंमत सोडत नाही. बघून सांगा.’

फोटो पॉलिसीच्या शेड्यूलचा होता. शेड्यूल म्हणजे पॉलिसीचं ते एक-दोन पानी पत्रक, ज्यावर तुमचे स्वतःचे आकडे असतात. बाकीची पंधरा-वीस पानं सगळ्यांना सारखीच. पानाच्या मधोमध ट्यूबलाइटची चमक होती आणि वरचा भाग कापला गेला होता. दिसत होता तो फक्त हप्त्याचा तक्ता. लोक नेहमी तेवढाच फोटो काढतात, कारण पैसे तिथे लिहिलेले असतात. मी त्याला कळवलं की चारही कोपरे दिसतील असं पूर्ण पान पाठव आणि मागचं पानही पाठव. ते यायला संध्याकाळ झाली. तोवर तक्ता तर समोर होता, त्यावरून सुरुवात करता आली.

तक्त्याला दोन रकाने असतात. डावीकडे ‘ओन डॅमेज’, उजवीकडे ‘लायबिलिटी’ किंवा ‘थर्ड पार्टी’. एका कागदावर छापले असले तरी हे दोन वेगळे विमे आहेत, हे एकदा नीट लक्षात घेतलं की बाकीचा कागद सोपा होतो. दोघांचा हप्ता वेगळा, दोघांचे नियम वेगळे, आणि एकातून निघालेला पैसा दुसऱ्याच्या कामाला येत नाही.

उजव्या रकान्यात ३,४१६ रुपये होते. हा आकडा कुठल्याही कंपनीत तोच मिळेल, कारण थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला हाच दर आहे. पॉलिसीत पहिला पक्ष तुम्ही, दुसरा पक्ष कंपनी, आणि तिसरा म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो माणूस. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने हा विमा सक्तीचा केला, तो त्या तिसऱ्यासाठी. तुमच्या गाडीने कुणी दगावला किंवा जायबंदी झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी देते, त्याला रकमेची मर्यादा नाही. कुणाची भिंत, दुकान किंवा दुसरी गाडी मोडली तर साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या आरशालासुद्धा यातून एक रुपया मिळत नाही.

आमचे दुल्हेभाई, म्हणजे भाच्याचे वडील, आयुष्यभर एवढाच विमा काढत आले. विमा जायज की नाही यावर घरात दोन मतं आहेत, आणि त्यांचं मत असं की कायद्याने जेवढी सक्ती तेवढंच भरावं. त्यांच्या मोटारसायकलपुरतं ते चाललं. पण गाडीचं नाव निघाल्यावर आपाने वेगळाच प्रश्न विचारला. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर आपल्याच तालुक्याच्या हद्दीत सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांच्या गाडीला अपघात झाला आणि १२ माणसं गेली. तेव्हापासून आपाच्या मनात भीती बसली आहे. तिने विचारलं, ‘मी गाडीत मागे बसले असेन तर मी थर्ड पार्टी होते का?’

बाईने नेमकं बोट ठेवलं. खासगी गाडीची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर त्याच गाडीत फुकट बसलेले घरचे लोक त्यात धरले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून हे ठरलेलं आहे. रस्त्याने चालणारा धरला जातो, समोरच्या गाडीतला धरला जातो, पण आपल्या मागच्या सीटवरची आई नाही. ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी असे दोन्ही भाग असलेली पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात कंपन्यांना हे स्पष्ट लिहून दिलं, आणि न्यायालयांनीही ते मान्य केलं. भाच्याच्या फोटोत दोन्ही रकाने भरलेले होते, म्हणजे पॉलिसी पॅकेज होती. आपाला एवढं पुरे झालं. दुल्हेभाई काही बोलले नाहीत, पण पुढे पॅकेजला त्यांनी विरोधही केला नाही.

(याच ओघात एक सांगून टाकतो. मागच्या पानावर ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ अशी ओळ असते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत संभाजीनगरपर्यंत सीटवर पैसे घेऊन माणसं बसवणारे आपल्याकडे कमी नाहीत. भाड्याने वापर त्या ओळीत वगळलेला असतो. तिथे अपघात झाला तर वरचं सगळं वादात जातं.)

आता डावा रकाना. ओन डॅमेज म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, मग ती धडकली असो, जळली असो, पुरात गेली असो की चोरीला गेली असो. इथे सरकारी दर नाही, कंपनी आपला दर लावते, म्हणून दोन कंपन्यांच्या हप्त्यात जो फरक दिसतो तो इथलाच. फोटोत गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, साडेतीन लाख होती. ही बाजारातली किंमत नव्हे. कंपनीच्या नव्या गाडीच्या यादीतल्या किमतीतून वयाप्रमाणे घट करून ती काढतात, आणि चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला घट ५० टक्के असते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर हिशोब या आकड्यावरून होतो.

त्या खाली हप्ता असा उतरला होता. कंपनीने धरलेला मूळ ओन डॅमेज हप्ता ६,७५० रुपये. त्यातून ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ची सूट ७५० वजा, राहिले ६,०००. त्यावर ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे २,७०० वजा, राहिले ३,३००. उजवीकडचे थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचे ३३४ मिळवले की ७,०५०. त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६९. एकूण ८,३१९.

विकणारा ‘४५ टक्के बोनस’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की सगळ्या विम्यावर ४५ टक्के सूट. प्रत्यक्षात तो फक्त ओन डॅमेजच्या आकड्यावर चालतो. थर्ड पार्टीच्या ३,४१६ ला त्याचा स्पर्शही होत नाही. आणि नावाप्रमाणे तो गाडी चांगली असल्याचा बोनस नाही. मालकाने ओन डॅमेजचा क्लेम घेतला नाही म्हणून मिळालेली सूट आहे. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. त्याच्या वर जात नाही. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य.

संध्याकाळी पूर्ण पानं आली. वरच्या कापलेल्या भागात विमाधारकाचं नाव होतं, अर्थातच नाशिकच्या गृहस्थांचं. पॉलिसी मार्चमध्ये संपणार होती, म्हणजे जेमतेम दोन महिने बाकी. मी भाच्याला फोन केला आणि सांगितलं की गाडी घे, पण त्या ४५ टक्क्यांचे पैसे देऊ नकोस. ते तुझ्याकडे येणारच नाहीत.

नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली की तो विकणाऱ्याकडेच राहतो. त्याने कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नव्या गाडीवर तो वापरता येतो. म्हणजे भाचा ज्या गोष्टीसाठी जादा पैसे मोजणार होता ती विकणाऱ्याच्या खिशातून बाहेर निघतच नव्हती. गंमत म्हणजे त्या गृहस्थांनाही हे माहीत नव्हतं. ते नवी गाडी घेणार होते आणि तिचा ओन डॅमेज हप्ता त्यांना अठरा हजार सांगितला होता. त्यावर ४५ टक्के म्हणजे ८,१०० रुपये. हे कळल्यावर त्यांनी किमतीचा हट्ट आपणहून सोडला. विक्रीचे कागद आणि हस्तांतराचा पुरावा देऊन कंपनीकडून पत्र घेतलं.

पण बोनसपेक्षा मला नावाची जास्त काळजी होती. आपल्याकडे लोक फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी बुक नावावर करतात आणि निर्धास्त होतात. विमा जुन्याच नावावर चालू राहतो. कलम १५७ म्हणतं की गाडी विकली की विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानावं, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं. पण हे ‘मानावं’ थर्ड पार्टीपुरतंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या निकालात सांगितलं की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग हा कंपनी आणि त्या माणसातला करार आहे, तो आपोआप सरकत नाही. म्हणजे नाव न बदलता भाचा गाडी चालवत राहिला असता आणि कुणाला धडकला असता, तर समोरच्याला भरपाई मिळाली असती. त्याच्या स्वतःच्या गाडीला काहीच नाही. क्लेम जुन्या मालकालाही मिळाला नसता, कारण गाडी त्याची राहिली नव्हती. हप्ता भरलेला, पॉलिसी चालू, आणि डावा रकाना रिकामा. असल्या फायली मी हातानं लिहिल्या आहेत. शेवटचा शेरा एकाच अर्थाचा असायचा, की अपघाताच्या दिवशी नोंदणीकृत मालक आणि विमाधारक वेगळे.

भाच्याने आरसीचं काम झाल्याबरोबर अर्ज दिला. उरलेल्या दोन महिन्यांचा बोनस कंपनीने त्याच्याकडून परत वसूल केला. २,७०० चा बारावा भाग २२५, दोन महिन्यांचे ४५०, वर जीएसटी ८१. शिवाय नावबदलाची किरकोळ फी. एवढ्या पैशात दोन महिन्यांचा डावा रकाना त्याच्या नावावर आला.

मार्चमध्ये नवी पॉलिसी काढताना दुसरं वळण आलं. ज्याच्याकडून तो पॉलिसी काढत होता तो म्हणाला, ‘बोनस ५० टक्के दाखवून देतो, जुन्या कागदावर ४५ दिसतोच आहे, कोण तपासतं?’ तीन हजार वाचत होते. तरण्या पोराला मोह होणारच. मी त्याला अर्जातली एक ओळ वाचायला लावली. त्यात विमाधारक लिहून देतो की मी सांगितलेला बोनस खरा आहे, आणि खोटा निघाला तर पॉलिसीच्या ओन डॅमेज भागाचे सगळे लाभ जप्त होतील. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते. कधीकधी ती हप्ता घेताना करत नाही, क्लेम आल्यावर करते. खोटं सांगणारा विक्रेता त्या दिवशी फोन उचलत नाही, सही आपली असते. भाच्याने शून्य बोनसने पॉलिसी घेतली. ओन डॅमेजचे पूर्ण ६,००० भरले. मूळ आकडा गेल्या वर्षीइतकाच आला होता.

तरी हे सहा हजार कसे, सहा हजार सातशे पन्नास का नाहीत, हे पाहायला हवं होतं. ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल २,५००’ ही जुन्या मालकाने घेतलेली खूण भाच्यानेही तशीच ठेवली होती. डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी तुम्ही सोसायची रक्कम. एक सक्तीची असते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,०००. गॅरेजवाले तिला ‘फाइल चार्ज’ म्हणतात आणि लोकांना वाटतं गॅरेजच पैसे उकळतंय. दुसरी ऐच्छिक, तुम्ही आपणहून पत्करलेली. तिच्या बदल्यात हप्त्यात सूट मिळते. जुन्या दरपत्रकात २,५०० च्या ऐच्छिक रकमेला २० टक्के सूट होती, पण ७५० च्या वर नाही. तीच पद्धत इथे दिसत होती. दोन्ही रकमा एकावर एक चढतात. म्हणजे भाच्याच्या प्रत्येक क्लेममधून ३,५०० कापले जाणार होते. मी त्याला म्हटलं की जीएसटी धरून तुझे वर्षाला ८८५ वाचतात, आणि क्लेम आला की २,५०० जातात. तीन वर्षांत एकही क्लेम येणार नाही अशी खात्री असेल तरच हे परवडतं. तो म्हणाला, ‘मामू, मी जपून चालवतो.’ त्याची गाडी, त्याचा निर्णय.

नोव्हेंबरमध्ये येवल्याच्या रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली कडेला उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. भाच्याने वेळेवर वळवली म्हणून तो वाचला, पण गाडीची डावी बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्याला लागली. पुढचा बंपर फुटला, डावा हेडलाइट गेला, डावं फेंडर चेपलं. ट्रॉलीवाला सकाळी जागेवर नव्हता. त्याच्या विम्यावर न्यायाधिकरणात दावा करायची वाट कायद्यात आहे, पण नंबरच टिपला नव्हता. आता डावा रकाना उघडायचा की नाही, एवढाच प्रश्न होता.

गॅरेजने १६,५०० चं अंदाजपत्रक दिलं, कर धरून. बंपर ४,२००, हेडलाइट ३,६००, फेंडर २,५००, मजुरी २,२००, रंग ४,०००. भाच्याला वाटलं की १६,५०० मधून ३,५०० गेले, १३,००० मिळतील. तसं होत नाही, कारण डिडक्टिबलच्या आधी घसारा कापतात. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर गाडी कितीही नवी असली तरी निम्मी रक्कम. हेडलाइट काचेचा वाटतो, पण हल्ली तो प्लास्टिकचाच असतो. काचेवर घसारा नाही, प्लास्टिकवर आहे. पत्र्याच्या भागावर वयाप्रमाणे, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. मजुरी पूर्ण देतात. रंगाच्या बिलातला चौथा भाग सामान धरून त्यावर निम्मा घसारा लावतात.

म्हणून बंपरचे मिळाले २,१००, हेडलाइटचे १,८००, फेंडरचे १,५००, मजुरीचे २,२००, रंगाचे ३,५००. बेरीज ११,१००. त्यातून १,००० सक्तीचे आणि २,५०० ऐच्छिक गेले. कंपनी देणार ७,६००, भाच्याच्या खिशातून ८,९००. झिरो डेप्रिसिएशनची जोड असती तर घसारा कापला नसता आणि त्याचा १३,००० चा अंदाज खरा ठरला असता. पण पाच वर्षांवरच्या गाडीला ती जोड बऱ्याचदा मिळत नाही.

आता ७,६०० घ्यावेत की सोडावेत? इथे बोनसचा हिशोब मांडावा लागतो, आणि उत्तर गाडीवर नाही, माणसावर अवलंबून असतं.

समजा हाच धक्का नाशिकच्या गृहस्थांच्या हातून ४५ टक्के बोनस असताना लागला असता. क्लेम न घेता त्यांना पुढच्या वर्षी ५० टक्के आणि मग दरवर्षी ५० मिळाले असते. क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५, आणि सहाव्या वर्षी पुन्हा ५०. ६,००० च्या हप्त्यावर पाच वर्षांत फरक पडतो ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३००. बेरीज ७,५००, जीएसटी धरून ८,८५०. म्हणजे ७,६०० घेण्यासाठी ८,८५० गमावले असते. वर्षागणिक आयडीव्ही उतरते, हप्ताही थोडा उतरतो, तेव्हा तोटा यापेक्षा कमी भरेल. पण त्यांनी मध्येच अठरा हजारांच्या हप्त्याची नवी गाडी घेतली असती तर तो कितीतरी वाढला असता. त्यांनी क्लेम घेऊ नये हेच बरं.

भाच्याकडे गमवायला बोनसच नव्हता. क्लेम न घेतला तर त्याला मार्चमध्ये २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५०. घेतला तर शून्य, २०, २५, ३५, ४५. फरक १,२००, ३००, ६००, ६०० आणि ३००. बेरीज ३,०००, जीएसटीसह ३,५४०. मिळणार ७,६००. एकच ट्रॉली, एकच बिल, आणि उत्तर उलटं. मी त्याला सांगितलं, घे.

त्याने त्याच दिवशी कंपनीला कळवलं आणि कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत गाडीला हात लावू दिला नाही. दुरुस्ती आधी उरकली तर काय फुटलं होतं हे सिद्ध करणं अवघड जातं. पाहणीला आलेल्याने लायसन्स, आरसी आणि पॉलिसी मागितली. तिन्हींवर एकच नाव होतं, त्यामुळे तो प्रश्नच निघाला नाही. हेडलाइटवर भाचा थोडा भांडला, मग भागावरचा छापील मजकूर वाचून गप्प बसला. डिसेंबरात ७,६०० थेट गॅरेजला गेले आणि ८,९०० त्याने दिले.

यंदा मार्चच्या नूतनीकरणाला त्याने मला विचारलंच नाही. पॉलिसी काढून झाल्यावर सांगितलं. बोनसच्या ओळीत शून्य आहे, ते ठरलेलंच होतं. ऐच्छिक डिडक्टिबलच्या ओळीतही आता शून्य आहे. मला ते पटलं. दुल्हेभाई मात्र विचारत होते की बोनस ५० वर पोचेल तेव्हा पोरगा लहानसहान क्लेम घेणारच नाही, मग तेव्हा ती २,५०० ची खूण परत टाकावी का. प्रश्न बरोबर आहे. पण त्याला अजून पाच वर्षं आहेत.